कांद्याची चाळ, बावीस स्लाइड आणि चुकलेला क्रम

«नमस्कार. आम्ही तिघे मिळून कांद्याच्या चाळीत बसवायचं यंत्र बनवतो. ते तापमान, आर्द्रता आणि सडक्या कांद्यातून सुटणारे वायू मोजतं आणि चाळीच्या कुठल्या कप्प्यात सड सुरू झाली ते शेतकऱ्याच्या फोनवर कळवतं. एका चाळीचं वर्षाचं भाडं 3,600 रुपये, यंत्र बनवायला 4,200 रुपये लागतात. यंदा 64 चाळींत बसवलंय, त्यातले 41 जण पैसे देतात. गेल्या वर्षी 14 जणांनी पैसे दिले होते, त्यातले 11 यंदाही आहेत. आम्हाला दीड कोटी उभे करायचेत. गुंतवणूकदारांना दाखवायचा डेक 22 स्लाइडचा आहे: ओळख, व्हिजन, टीम, बक्षिसं, तंत्रज्ञान, पेटंटचा अर्ज, बाजारपेठ, अडचण, उपाय, ग्राहक, पाच वर्षांचे अंदाज, मागणी. एका गुंतवणूकदाराने मध्येच थांबवून विचारलं, “पण नक्की कुणाचं काय अडलंय?” बाकीचे “कळवतो” म्हणाले. क्रम कसा लावू?»
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

तुमच्याकडे अडचणीची स्लाइड बाजारपेठेच्याही नंतर येते. म्हणजे समोरचा माणूस निम्म्याहून जास्त डेक ऐकतो तेव्हा त्याला तुमचं यंत्र कसं चालतं, त्याचं पेटंट कुठवर आलंय हे कळलेलं असतं, पण ते कशासाठी आहे हे कळलेलं नसतं. त्याला कांद्यातलं काही माहीत नाही असं धरून चाला. मुंबईत किंवा बंगळुरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चाळ उभी राहत नाही. तिची लाकडी किंवा लोखंडी फळ्यांची रचना, खालून खेळणारी हवा, मे महिन्यात भरलेला उन्हाळ कांदा आणि तो ऑक्टोबरपर्यंत टिकवण्याची धडपड, यातलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं.

डेकचा क्रम कुणी ठरवून दिलेला नियम नाही. प्रत्येक स्लाइड संपली की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो आणि पुढची स्लाइड त्याच प्रश्नाचं उत्तर असावी लागते, एवढंच त्यामागचं तत्त्व. अडचण ऐकली की तो मनात म्हणतो, “मग तुम्ही काय करता?” उपाय ऐकला की, “असे किती जण आहेत?” संख्या ऐकली की, “आणि ते खरंच पैसे देतात?” पैसे देतात हे दिसलं की, “दुसरं कुणी हे करत नाही का, आणि तुम्हीच का?” आणि शेवटी, “किती हवेत, कशाला?” यातली एक कडी आधी-मागे झाली की तो तुमचं बोलणं सोडून स्वतःचाच प्रश्न धरून बसतो. तुम्हाला मध्येच थांबवणारे गृहस्थ निदान बोलले तरी. बाकीच्यांनी तो प्रश्न मनातच ठेवला.

पहिल्या स्लाइडवर कंपनीचं नाव आणि त्याखाली एकच ओळ ठेवा: “कांद्याच्या चाळीत सड पसरण्याआधी शेतकऱ्याला कप्पा नंबर सांगणारं यंत्र. 41 चाळी पैसे देतात.” व्हिजनची स्लाइड काढून टाका. तिच्यातलं कामाचं जे असेल ते या ओळीत आलेलं आहे.

अडचणीची स्लाइड

सगळ्यांत जास्त वेळ या स्लाइडवर घालवा. इथली एक चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

बहुतेक जण इथे “महाराष्ट्रात साठवलेल्या कांद्यापैकी 30 ते 40 टक्के वाया जातो” असं लिहून मोकळे होतात. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तुमच्या डेकमध्ये तो तुमच्याच विरुद्ध जाईल, कारण त्यात तीन वेगळी नुकसानं एकत्र आहेत: कांदा सुकून होणारी वजनातली घट, कोंब फुटणं आणि सड. तुमचं यंत्र वजनातली घट थांबवू शकत नाही. कोंबही थांबवू शकत नाही. ते फक्त सडीबद्दल बोलतं. तुम्ही अडचण 40 टक्क्यांची सांगितली आणि उपाय त्यातल्या एका हिश्श्याचा दिला, तर चाणाक्ष माणूस तिथेच विचारतो, “उरलेल्याचं काय?” मग पुढची दहा मिनिटं तुम्ही बचाव करत राहता.

म्हणून एकच चाळ घ्या आणि एकच हंगाम. 25 टनांची, म्हणजे 250 क्विंटलची चाळ. समजा तुमच्या नोंदींनुसार त्यातले 80 क्विंटल गेले: 45 सुकण्यात, 10 कोंबात आणि 25 सडीत. मग स्लाइडवर फक्त ते 25 क्विंटल येऊ द्या. क्विंटलला 1,500 रुपये धरले तर 37,500 रुपये. हे आकडे मी मांडणी दाखवायला घेतलेत. तुमच्याकडे 64 चाळींच्या खऱ्या नोंदी आहेत, त्यातून मधला आकडा काढा, सगळ्यांत वाईट चाळीचा नको. शीर्षक असं होईल: “250 क्विंटलच्या चाळीत एका हंगामात 25 क्विंटल कांदा सडतो, आणि शेतकऱ्याला ते चाळ फोडल्यावरच कळतं.” वाक्याचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुकसान सगळ्यांनाच माहीत आहे; ते उशिरा कळतं, ही तुमची खरी अडचण आहे. तुम्ही विकता ती वस्तू म्हणजे लवकर कळणं.

भावातले चढउतार, निर्यातीवरचे निर्बंध, मधले दलाल हे सगळं या स्लाइडवर घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. त्यातलं काहीच तुम्ही सोडवत नाही.

उपाय

उपायाच्या स्लाइडवर सेन्सरचं नाव किंवा सर्किट नको. फोनवर इशारा आल्यानंतर शेतकरी काय करतो ते दाखवा. इथेच बहुतेक यंत्रवाल्यांचे डेक लंगडे पडतात: यंत्र इशारा देतं, आणि पुढे? तुमच्याकडे पुढचं उत्तर आहे. तो कप्पा उघडून सडका कांदा निवडून काढायचा, किंवा निवडणी परवडत नसेल तर ती चाळ आधी फोडून माल बाजारात न्यायचा. दोन फोटो पुरेत, एक फोनवरच्या संदेशाचा आणि एक निवडणी चालू असलेल्या कप्प्याचा.

त्याखाली हिशेब द्या, आणि खर्चासकट द्या. समजा 25 पैकी 10 क्विंटल वाचले, म्हणजे 15,000 रुपये. त्यातून तुमचं भाडं 3,600 वजा. दोनदा निवडणी, प्रत्येक वेळी चार मजूर, 400 रुपये रोज, म्हणजे 3,200 वजा. शेतकऱ्याच्या हातात उरले 8,200. मजुरीची ओळ बहुतेक लोक लपवतात. तुम्ही ती दाखवलीत तर तुम्ही चाळीत उभे राहिलेला माणूस आहात हे आपोआप कळतं. सगळेच्या सगळे 25 क्विंटल वाचवल्याचा दावा मात्र करू नका. इशारा येतो तेव्हा काही कांदा आधीच गेलेला असतो.

तंत्रज्ञानाला यानंतर एक स्लाइड द्या. पाच नव्हे.

बाजारपेठ

ही स्लाइड उपायानंतरच का? तर आत्ताच तुम्ही एका चाळीचा दर सांगितलात. आता फक्त चाळी मोजायच्या राहिल्या. बाजारपेठ आधी आली तर ऐकणाऱ्याकडे गुणायला दरच नसतो, आणि मग तुम्हाला देशातल्या एकूण कांद्याची किंमत सांगून त्याच्या एक टक्क्याची भाषा करावी लागते. “एक टक्का जरी मिळाला तरी” हे शब्द डेकमध्ये असतील तर आजच काढा. तो एक टक्का कुणाकडून, कुठल्या तालुक्यातून, कुणी जाऊन आणायचा, यातलं काहीच त्यात नसतं.

खालून वर मोजा. कृषी खात्याने अनुदान दिलेल्या चाळींच्या तालुकावार नोंदी असतात. निफाड, चांदवड, येवला, बागलाण असे पहिले चार तालुके घ्या. त्यातल्या 20 टनांहून मोठ्या चाळी वेगळ्या काढा, कारण 5 टनांच्या चाळवाल्याला 3,600 रुपयांचं भाडं परवडणार नाही. जी संख्या येईल तिला 3,600 ने गुणा. समजा या चार तालुक्यांत अशा 20,000 चाळी निघाल्या, तर वर्षाचे 7 कोटी 20 लाख.

हा आकडा लहान आहे. वाईट वाटून घेऊ नका आणि फुगवूही नका. वैयक्तिक गुंतवणूकदाराला, म्हणजे एंजलला, सुरुवात म्हणून तो चालू शकतो, पण मोठ्या व्हेंचर फंडाला एवढ्याने भागत नाही. त्याला त्याच स्लाइडवर दुसरी पायरी दिसली पाहिजे: व्यापाऱ्यांची गोदामं, आणि केंद्राच्या बफर साठ्यासाठी नाफेड व एनसीसीएफ जो कांदा खरेदी करून साठवतात तो. तिथे एका जागी शेकडो टन माल असतो, पैसे देणारा एकच असतो आणि सडीचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. पण या पायरीवर आज तुमचा एकही ग्राहक नाही, तेव्हा तिचा रंग वेगळा ठेवा आणि “पुढे” असं स्पष्ट लिहा. दोन्हींची बेरीज करून एकच मोठा आकडा दिला, तर पहिल्याच प्रश्नात ती बेरीज सुटून पडते.

ट्रॅक्शन

बाजारपेठेच्या स्लाइडवर तुम्ही म्हणालात की इतक्या चाळी इतके पैसे देतील. पुढची स्लाइड त्याचा पुरावा, म्हणून ट्रॅक्शन, म्हणजे आजवर खरंच मिळालेले ग्राहक, तिला चिकटूनच हवं. मध्ये कमाईची पद्धत सांगायची असेल तर ती बाजारपेठेच्याच स्लाइडवर एका ओळीत बसवा. भाड्याचं गणित सोपं आहे, त्याला वेगळी जागा लागत नाही.

“64 चाळी” हा तुमच्या डेकमधला आत्ताचा आकडा. तो खोटा नाही, पण त्यात 23 फुकट आहेत, आणि हे बैठकीत कधी ना कधी निघतंच. ते तुमच्याच तोंडून निघू द्या. स्लाइडवर तीन ओळी लिहा: गेल्या हंगामात पैसे देणारे 14. त्यातले यंदा पुन्हा आलेले 11. यंदाचे नवे 30. त्याखाली बारीक अक्षरात “याशिवाय 23 चाळींत चाचणी, विनामूल्य”. 11 आणि 30 मिळून 41, आणि 41 गुणिले 3,600 म्हणजे 1,47,600 रुपये. वर्षाची कमाई दीड लाखाच्या आत आहे हे लपवायचं कारण नाही, तुम्ही त्याच टप्प्यावर आहात.

या सगळ्यात वजनदार आकडा 11 चा आहे. यंत्र 4,200 ला पडतं आणि पहिल्या वर्षी 3,600 मिळतात. म्हणजे प्रत्येक नव्या ग्राहकामागे पहिल्या वर्षी 600 रुपये कमीच, वर बसवायला जाण्याचा खर्च. तुमचा धंदा दुसऱ्या वर्षी सुरू होतो. शेतकरी दुसऱ्या हंगामाला थांबला तर धंदा आहे, नाही तर नाही. तेव्हा “14 पैकी 11” असंच लिहा. “79 टक्के रिन्यूअल” लिहिलं की मागचा 14 दडतो, आणि तो विचारल्यावर सांगावा लागला तर लपवल्यासारखा दिसतो. गेलेल्या तिघांना फोन करा आणि कारण विचारून ठेवा. चाळ यंदा भरलीच नाही हे एक कारण, शेतात रेंज मिळत नव्हती हे दुसरं, इशारा उशिरा आला हे तिसरं. पहिल्याला तुमचा इलाज नाही, दुसऱ्याला आहे, आणि तिसरं असेल तर यंत्रातच काहीतरी बघावं लागेल. स्लाइडवर हे लिहू नका, पण हा प्रश्न येणारच.

महिन्यागणिक चढत जाणारा आलेख इथे नको. कांदा मार्च ते मेमध्ये चाळीत जातो, तेव्हा तुमची सगळी विक्री त्या तीन महिन्यांत होते आणि बाकीचे नऊ महिने रेघ सपाट राहते. ती सपाटी झाकायला लोक एकूण बेरजेचा आलेख काढतात. तो नेहमी वरच जातो, आणि म्हणूनच कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही. दोन हंगामांचे दोन खांब शेजारी उभे करा, बस.

बक्षिसं आणि सामंजस्य करार यांना ट्रॅक्शन म्हणू नका. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने “200 चाळींसाठी इच्छुक” असं पत्र दिलं असेल, तर तारीख आणि दर लिहून वेगळ्या ओळीत ठेवा. पत्रात दर नसेल तर ते कपाटातच बरं.

टीम, आणि दुसरे कोण

स्पर्धेची स्लाइड छोटी. तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी सेन्सर कंपनी नाही. चाळीत हात घालून, वास घेऊन सड ओळखणारा शेतकरी स्वतःच तुमचा प्रतिस्पर्धी आहे, आणि तो फुकट आहे. त्याच्यापेक्षा तुम्ही किती दिवस आधी सांगता, एवढं एकच वाक्य तिथे हवं. तो दिवसांचा आकडा तुमच्या नोंदींत नसेल, तर डेक पाठवण्याआधी तो काढा.

टीम इथे, शेवटून दुसरी. एखाद्याच्या नावावर गुंतवणूकदार दार उघडणार असेल तर टीम पुढे घेतात. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. तिघांच्या नावापुढे पदवी लिहिण्याऐवजी या कामाशी संबंध सांगणारी एकेक ओळ लिहा: कोण यंत्र बनवतो, कोण गावोगाव बसवतो, कोणाच्या घरची चाळ आहे.

मागणी

मुक्कामासाठी लोकांची घरं-खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचा सुरुवातीचा डेक आज सर्वांना पाहता येतो, आणि त्याची शेवटची आर्थिक स्लाइड शिकण्यासारखी आहे. मागणी 5 लाख डॉलरची, मुदत 12 महिने, आणि तेवढ्यात 80,000 मुक्काम नोंदवायचे. प्रत्येकामागे सरासरी 25 डॉलर शुल्क, म्हणजे 20 लाख डॉलरची कमाई. रक्कम, मुदत, गाठायचा टप्पा आणि त्याचा गुणाकार, सगळं एका नजरेत. त्याच डेकमध्ये त्यांनी बाजारपेठेच्या आकड्याआधी बाजाराचा पुरावा म्हणून एक स्लाइड ठेवली होती, कारण त्यांची स्वतःची विक्री तेव्हा थोडी होती. त्यांनी काऊचसर्फिंग आणि क्रेग्जलिस्ट या संकेतस्थळांवर लोक आधीच काय करताहेत ते दाखवलं. तुमच्याकडे पैसे देणारे 41 आहेत, तेव्हा तुम्हाला दुसऱ्यांचा पुरावा लागत नाही.

दीड कोटी कशाला, हे हंगामाशी बांधा. जानेवारीत पैसे खात्यात आले आणि 18 महिन्यांची सोय झाली, तर तुम्ही पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत टिकता. त्यात एक पूर्ण हंगाम बसतो आणि दुसऱ्या हंगामाची भरणीही बसते. 12 महिने मागितले तर दुसऱ्या वर्षीची भरणी सुरू होण्याआधीच पैसे संपतील, आणि किती जण पुन्हा आले हा तुमचा सगळ्यांत मोलाचा आकडा हातात नसतानाच पुढची रक्कम मागायला निघावं लागेल.

खर्च असा मांडता येईल. पहिल्या हंगामात 500 आणि दुसऱ्यात 1,000 यंत्रं, 4,200 प्रमाणे 63 लाख. बसवणारी आणि दुरुस्त करणारी सहा माणसं, महिना 25,000, अठरा महिने: 27 लाख. दोन अभियंते, महिना 70,000: 25 लाख 20 हजार. प्रमाणपत्रं, सर्व्हर, प्रवास 12 लाख. उरलेले 22 लाख 80 हजार राखीव. ही राखीव रक्कम नावानिशी दाखवा. ती मार्केटिंगच्या नावाखाली लपवली तर प्रश्न येतो, आणि पाऊस लवकर आला किंवा एखादा सुटा भाग महिनाभर अडकला की ती लागतेच. भाड्याची कमाई या हिशेबात धरू नका. आली तर मुदत वाढेल.

किती हिस्सा द्याल हे स्लाइडवर लिहू नका, पण गणित पक्कं ठेवा. कंपनीची आजची किंमत 6 कोटी ठरली आणि दीड कोटी आले, तर नंतरची किंमत 7 कोटी 50 लाख होते आणि गुंतवणूकदाराचा वाटा 20 टक्के. दीडला सहाने भागून 25 टक्के म्हणणारे बरेच भेटतात. बैठकीत ही चूक झाली तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

पाच वर्षांचे अंदाज मुख्य डेकमधून काढा. दोन हंगामांच्या अनुभवावर पाचवं वर्ष सांगता येत नाही हे समोरच्यालाही कळतं. तीन वर्षांचा तक्ता जोडपत्रात ठेवा, तिथेच पेटंटचा अर्ज आणि सर्किट. जोडपत्र मागणीच्या स्लाइडनंतर, विचारलं तरच उघडायचं. हे सगळं केल्यावर मुख्य डेक नऊ-दहा स्लाइडचा होतो.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. सगळ्या स्लाइडची फक्त शीर्षकं एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि शेतीशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. “बाजारपेठ”, “उपाय”, “टीम” अशी एकेका शब्दाची शीर्षकं असतील तर त्याला काहीच कळणार नाही. पूर्ण वाक्यं असतील तर तो कागदावरूनच तुमचा धंदा समजावून सांगेल. जिथे अडखळेल तिथे क्रम चुकलाय किंवा एक कडी गळलीय. ईमेलने पीडीएफच पाठवा. समोरच्याच्या संगणकावर देवनागरी अक्षरं तुटली तर 3,600 शेजारचा शब्द चौकटींमध्ये दिसतो.

आणि “धन्यवाद” असं लिहिलेली शेवटची स्लाइड काढा. बोलणं संपल्यावर प्रश्नोत्तरांची वीस मिनिटं पडद्यावर जी स्लाइड राहते, ती मागणीची असू द्या.